सर, कुठला क्यूब कुठला ते कळत नाहीये

परवा माळा आवरताना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची फाइल सापडली आणि तिच्यात एक माफीचं पत्र. म्हणजे दोन पत्रं. पहिलं इंग्रजीत, त्यावर सरांच्या लाल पेनाने इतके गोल की पत्र कमी आणि रांगोळी जास्त वाटते, आणि दुसरं मराठीत, त्यावर कोपऱ्यात फक्त एक सही. २०१४ चा मार्च. पत्राचा विषय एकच, प्रोजेक्ट वेळेत होत नाहीये, माफ करा, नवीन तारीख द्या.

प्रोजेक्ट म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरमधली उसाच्या चोयट्याची राख सिमेंटच्या जागी थोडी थोडी घालायची आणि काँक्रीट किती दाब सोसतं ते बघायचं. त्या काळात सिव्हिलच्या दर तिसऱ्या ग्रुपचा हाच विषय असायचा, कारण राख फुकट मिळते. एम२५ चं मिक्स, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत २५ मेगापास्कलची ताकद देणारं काँक्रीट, राख ०, ५, १०, १५ आणि २० टक्के. प्रत्येकाचे सहा क्यूब, तीन सातव्या दिवशी फोडायचे आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. एकूण तीस. क्यूब म्हणजे १५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, एकेक आठ किलोचा. लॅबमध्ये धड मोल्ड बारा, म्हणून १०, १२ आणि १४ फेब्रुवारीला तीन वेळा मिळून ओतले, दुसऱ्या दिवशी मोल्ड उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत सोडले. आम्ही चौघं होतो, चौदा तारखेला दोघंच उरलो, बाकीच्यांना त्या दिवशी काय काम निघालं ते सांगायची गरज नाही.

आता घोळ. क्यूबवर ऑइल पेंटने खूण करायची असते, कुठलं मिक्स, कितवा, कधी ओतला. पेंटचा डबा वाळून दगड झाला होता आणि नवीन आणायला कोण जाणार, म्हणून आम्ही खडूने लिहिलं. वर्गातल्या साध्या खडूने. सातव्या दिवशी अंधुक दिसत होतं, वाचता आलं, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं पण झालो नाही. १० मार्चला पहिल्या लॉटचे अठ्ठावीस दिवस भरले म्हणून टाकीत हात घातला, तर उरलेले पंधराच्या पंधरा क्यूब एकाच तोंडवळ्याचे, वरून त्या पाण्यातल्या चुन्याचा पांढुरका थर आणि खडूचा मागमूस नाही. टाकी सगळ्या ग्रुपांची मिळून एकच, कोणीतरी आपले क्यूब काढताना आमचे इकडचे तिकडे केलेले. शून्य टक्के आणि वीस टक्के शेजारी ठेवले तर रंगाने ओळखू येतात, राखेचा क्यूब जरा काळपट असतो. पण पाच का दहा, दहा का पंधरा, छे. लॅबच्या मामांनी एक क्यूब उचलून बघितला, परत ठेवला आणि म्हणाले, "यांचं बारसं राहिलं वाटतं."

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. मीच, कारण माझं अक्षर चांगलं. रिस्पेक्टेड सर, आय द अंडरसाइन्ड, ड्यू टू सम अनअव्हॉइडेबल सरकमस्टान्सेस वगैरे वगैरे, सबमिशन २८ मार्चला होतं ते काइंडली ४ एप्रिलपर्यंत एक्सटेंड करावं. चौघांच्या सह्या. अशा पत्रांचा एक साचा असतो, आधीच्या बॅचकडून येतो, त्यात फक्त नाव आणि तारीख बदलायची.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये. सरांनी पत्र वाचलं, अनअव्हॉइडेबलवर गोल केला आणि विचारलं, "अरे, झालंय काय नक्की?" मी खडूचं सांगितलं. "मग खडू अनअव्हॉइडेबल होता का?" मी गप्प. मग ४ एप्रिलवर गोल. "ही तारीख कुठून काढली?"

आता खरं सांगायचं तर ती कुठूनच काढली नव्हती. एक आठवडा मागितला की मिळतो, दोन मागितले की ओरडा बसतो, एवढंच गणित. सर म्हणाले, "आज ११ मार्च. आत्ता इथून जाऊन काँक्रीट ओतलंस तरी अठ्ठावीस दिवस ८ एप्रिलला भरतात. तू चारला काय आणून देणार?"

मग आमच्यातल्या एकाने (मी नाही, पण आयडिया मलाही आवडली होती) सुचवलं की सर, पंधराही क्यूब फोडू या, जे आकडे येतील ते उतरत्या क्रमाने लावू, सगळ्यात भारी तीन शून्य टक्क्याचे, त्याखालचे तीन पाचाचे, असं करत. सर हसले, म्हणजे ते हसणं बरं नव्हतं. "राख वाढली की ताकद कमी होते का हेच तर बघायचंय ना तुम्हाला? मग ताकद कमी त्याला राख जास्त असं नाव देऊन ठेवलं तर उत्तर आधीच लिहिलं की." ही गोष्ट डोक्यात शिरायला मला दोन मिनिटं लागली आणि त्यानंतर कधी बाहेर पडली नाही.

दुसरी पळवाट माझी होती. सात दिवसांचे आकडे खूण असतानाचे आहेत, ते पक्के आहेत, आणि साधं काँक्रीट सात दिवसांत अठ्ठावीस दिवसांच्या साधारण ६५ ते ७० टक्के ताकद पकडतं, मग उलटा गुणाकार करून टाकू. सर म्हणाले, "साध्याला चालेल एक वेळ अंदाजापुरतं, राखेला नाही." राखेचं असं आहे की ती सिमेंटसारखी पाण्याशी थेट फारशी बोलत नाही. आधी सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून चुना सुटतो आणि मग राखेतली सिलिका हळूहळू त्या चुन्याला धरते, म्हणून राखेचं काँक्रीट सुरुवातीला मागे आणि नंतर भर काढणारं. सातव्या दिवसावरून त्याचा निकाल लावणं म्हणजे पहिल्या चाचणीवरून बोर्डाचे मार्क सांगण्यासारखं. आणि आमचा तर पूर्ण विषयच राख होता.

"जा, तारीख काढून आण," सर म्हणाले, "आणि मराठीत लिही. इंग्रजीत तुम्हा लोकांची कारणं लपतात."

तारीख काढायला आम्हाला कालनिर्णय लागलं, चेष्टा नाही, कँटीनच्या भिंतीवरचं उतरवून टेबलावर घेतलं. सिमेंटच्या उघड्या गोणीत गुठळ्या झालेल्या, म्हणजे नवीन गोणी, म्हणजे सात दिवसांचे जुने आकडेही नव्याशी जुळवता येणार नाहीत, तीसच्या तीस क्यूब परत. राख आणायची, वाळवायची, ९० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, त्यात आठवडा. १७ ला धुळवड. म्हणून पहिलं ओतणं १८ मार्च, अठ्ठाविसावा दिवस १५ एप्रिल, छान, आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. पुढचं २० ला धरलं तर अठ्ठाविसावा दिवस १७ एप्रिल, आणि त्या दिवशी आमच्याकडे लोकसभेचं मतदान, कॉलेज बंद. मग २१ धरलं, तर येतो १८ एप्रिल, गुड फ्रायडे. २२ धरलं, १९ एप्रिल, शनिवार, चालतंय. तिसरं २४ ला धरलं तर अठ्ठाविसावा दिवस २१ एप्रिल बरोबर बसतो पण सातवा दिवस पडतो ३१ मार्चला आणि ३१ मार्चला गुढीपाडवा. मी म्हटलं एक दिवस उशिरा फोडले तर कोणाला कळतंय, तर मामा मागून म्हणाले, "मग आठ दिवसांचं म्हणून लिहा." २५ ला नेलं. सातवा दिवस १ एप्रिल, अठ्ठाविसावा २२ एप्रिल. आकडेमोड आणि आलेख दोन दिवस, बाइंडिंगवाला एक दिवस. २५ एप्रिल, शुक्रवार.

दुसरं पत्र असं होतं, जसंच्या तसं:

"आदरणीय सर, स. न. वि. वि.

आमच्या प्रोजेक्टचे २८ दिवसांचे १५ क्यूब आम्ही खडूने मार्क केले होते. टाकीत खुणा पुसल्या गेल्या, त्यामुळे कुठला क्यूब कुठल्या मिक्सचा ते सांगता येत नाही. ऑइल पेंट आणायचा कंटाळा केला ही आमची चूक आहे. त्याबद्दल माफी मागतो.

१८, २२ आणि २५ मार्चला ३० क्यूब नव्याने ओततो. २८ दिवसांच्या टेस्ट १५, १९ आणि २२ एप्रिलला होतील. तोंडी परीक्षा मे महिन्यात असल्याने तिला अडचण येणार नाही. रिपोर्ट शुक्रवार, २५ एप्रिलला दुपारी जमा करू. १ एप्रिलला सगळे सात दिवसांचे आकडे आपल्याला आणून दाखवू.

आपले,"

आणि खाली चार सह्या. शेवटचं वाक्य आमचं नाही, सरांनी पत्र हातात घेतल्यावर विचारलं, "मधे मला काय दिसणार?" आणि मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, म्हणून त्या ओळीची शाई वेगळी आहे.

माफी एका ओळीत आटपली हे मला तेव्हा थोडं उद्धट वाटलं होतं. पहिल्या पत्रात काइंडली चार वेळा होतं, सॉरी तीन वेळा. दुसऱ्यात सरांनी एकही गोल केला नाही.

१८ तारखेला मी स्वतः पेंट आणला, पिवळा, आणि एक बारीक ब्रश. मोल्ड उघडला की क्यूब पुसायचा, खूण करायची, वाळेपर्यंत थांबायचं, मग टाकी. मामा एकदा येऊन म्हणाले, नखं पण रंगवून घ्या.

आकडे आले ते असे. दहा टक्के राखेचे सातव्या दिवशी सरासरी १८.९ मेगापास्कल, साध्या काँक्रीटचे २२.४, आमची तोंडं उतरली. १९ एप्रिलला दहा टक्क्याचा एक क्यूब मशीनमध्ये होता आणि काटा चढत ७३५ किलोन्यूटनला गेला तेव्हा कुठे कड् असा आवाज आला. म्हणजे ७,३५,००० न्यूटन, त्याला २२,५०० चौरस मिलिमीटरने भागायचं, ३२.७. सरासरीही तेवढीच आली. साध्याची ३३. म्हणजे जवळपास गाठलंच. माझा तो उलटा गुणाकार केला असता तर रिपोर्टात दहा टक्क्यापुढे २८ च्या आसपास छापलं असतं आणि राख बिचारी बदनाम. वीस टक्क्याला मात्र खरंच घसरलं, २५ च्या जरा वर, आणि क्यूब सहसा २५ च्या खाली जाऊ नयेत म्हणून एम२५ साठी सरासरी ३१.६ तरी हवी, तेव्हा तिथे राख नापासच.

२५ एप्रिलला दुपारी तीन वाजता रिपोर्ट टेबलावर ठेवला. सरांनी आधी शेवटचं पान उघडलं, मग पहिलं, आणि म्हणाले, "बाइंडिंग उलटं लागलंय रे." खरंच उलटं लागलं होतं. तसंच घेतलं त्यांनी.

२५ मार्चला एकच मिक्स ओतायचं होतं, सहा मोल्ड रिकामे होते, त्यात मिक्स उरलं म्हणून एक जादा क्यूब झाला होता. तो फोडलाच नाही, मी घरी आणला. आई त्याला बाल्कनीच्या दाराला लावते, वाऱ्याने आपटतं म्हणून. दर दिवाळीला घासते आणि दर वेळी विचारते की हे पिवळं २०-७ काय आहे आणि ते निघत कसं नाही.