आमची वाटचाल: मठार दिसला पाहिजे

आमच्या वडिलांनी 1974 साली पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी, भाड्याच्या खोलीत काम सुरू केलं. बंब, घंगाळं, हंडे, कळशा. पुढे गॅस-गिझर आले, बंब गेला. स्टील आलं, हंडा गेला. हे सगळ्यांच्याच बाबतीत झालं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. आम्ही टिकलो ते मठारकामावर, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोड्याने एकेक ठोका उठवण्याच्या कामावर, आणि मठारकाम आमच्याकडे आणलं मामांनी. ते वडिलांचे भागीदार. भांडवल वडिलांचं, हात मामांचा. त्यांचा मठारायचा हातोडा अजून आमच्याकडे आहे. त्याचं तोंड ते स्वतः घासून आरशासारखं ठेवायचे, कारण तोंडावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर उतरतो. दुसऱ्या कुणी त्या हातोड्याने खिळा ठोकला तर दिवसभर बोलायचे नाहीत.

हे सांगायचं कारण म्हणजे करोनाच्या आधीच्या दिवाळीत आमचा धंदा बुडता बुडता राहिला, तो मठार कमी पडला म्हणून नाही. मठार फोटोत दिसला नाही म्हणून.

झालं असं. एका हॉटेलवाल्यांना पाण्याच्या कळश्या आणि पेले हवे होते, मोठा माल. त्यांच्या खरेदीच्या माणसाने दोन कॅटलॉगची पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक आमचं, एक बाहेरच्या एका व्यापाऱ्याचं. त्याची कळशी यंत्रावर ठसे उठवलेल्या पत्र्याची, आणि खाली मात्र ‘हाताने ठोकलेली’ असं छापलेलं. भाव आमच्या निम्म्याहून कमी. खरेदीवाला मला म्हणाला, "काका, फरक दाखवा." मी फोटोत फरक शोधू लागलो आणि मलाच सापडेना. आमचे फोटो एका स्टुडिओने काढले होते, चांगले पैसे मोजून. चारी बाजूंनी पांढरा कपडा लावलेल्या तंबूत भांडं ठेवलेलं, बाहेरून दिवे. त्यात आमची कळशी गुळगुळीत, गुलाबी, प्लास्टिकची असल्यासारखी दिसत होती. त्या व्यापाऱ्याच्या फोटोत निदान ठिपके तरी दिसत होते! ऑर्डर गेली. त्या ऑर्डरच्या भरवशावर पत्रा उधारीवर उचललेला होता. कारागिरांना एक दिवसाआड बोलवायची वेळ आली. आळीतलेच काही जण तेव्हा म्हणाले, "आता तुम्हीही ठशाचा पत्रा आणा." कोण म्हणाले ते माझ्या लक्षात आहे.

स्टुडिओवाल्याला विचारलं तर म्हणाला, चकाकणाऱ्या वस्तूला तंबूच लागतो. चमच्याला लागत असेल. मठारलेलं तांबं म्हणजे शेकडो बारीक आरसे, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. आरसा दिसतो तो त्यात काय दिसतंय त्यामुळे. सगळीकडे पांढरंच असेल तर प्रत्येक मठारात पांढरंच दिसणार, आणि सगळे मिळून एक सपाट पत्रा होणार. एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार असेल तरच प्रत्येक मठाराची एक कड उजळते आणि दुसरी बुडते. मोबाइलचा फ्लॅश तर त्याहून वाईट. फ्लॅशने पोटावर मधोमध एक जळका पांढरा डाग येतो आणि बाकीचं काळवंडतं.

हे मला कुठल्या फोटोग्राफरने शिकवलं नाही. नाशिकचे आमचे एक दुकानदार आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्या वाईट दिवाळीत त्यांनी एकट्यांनी ठरलेला माल घेतला आणि पैसे रोख दिले. ते भांडं निवडताना कधीच दुकानाच्या ट्यूबखाली बघत नाहीत. खिडकीपाशी नेतात, उजेड आडवा पडेल असं धरतात आणि हळूहळू फिरवतात. हाताचा मठार ओळीने गोल फिरत जातो, एक ठोका शेजारच्या ठोक्यावर थोडा चढतो, दोन ठोके सारखे नसतात. ठशाच्या पत्र्यावर तोच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो, कडा बोथट असतात, आणि जोडापाशी ठिपके मध्येच तुटतात. शेठ हे खिडकीत बघतात, तर गिऱ्हाइकालाही खिडकीतच दाखवायला हवं, एवढाच विचार होता. माझ्या पुतण्याचा साधा मोबाइल, घरातली चादर आणि माडीवरची उत्तरेची खिडकी. कॅटलॉगचं पान आजतागायत तिथेच तयार होतं.

आता कळशीचाच फोटो कसा काढतो ते सांगतो. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

भांडं आदल्या दिवशी घासून ठेवायचं नाही. चिंच-मीठ लावायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, लगेच कोरडं पुसायचं आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचा ठसा आधी दिसत नाही, पण मोबाइलवर फोटो मोठा केला की काठावर तपकिरी डाग म्हणून हजर होतो. पाण्याचा थेंब सुकला तर त्याचीही खूण राहते.

चादर सुती, इस्त्री केलेली. मागे दोरीवर टांगायची आणि तशीच पुढे टेबलावर सोडायची, म्हणजे भिंत आणि टेबल यांच्यामध्ये रेघ येत नाही. वळणावर घडी घालायची नाही, झोळ राहू द्यायचा. चादरीला नीळ घातलेली नको. उजळपणाचे दावे करणाऱ्या पावडरीत धुतलेलीही नको. त्या द्रव्यामुळे कापड खिडकीच्या उजेडात निळसर चमकतं, आणि त्याचा घोटाळा पुढे रंगात होतो.

खिडकी डाव्या हाताला, भांडं तिच्यापासून दोन-अडीच फुटांवर, खिडकी किंचित भांड्याच्या मागे पडेल असं. उजव्या बाजूला फोटोच्या चौकटीबाहेर काळा पुठ्ठा उभा करायचा. पुष्कळ लोक तिथे पांढरा पुठ्ठा लावतात, सावली भरून काढायला. कापडाला, लाकडाला, लोणच्याच्या बरणीला तो ठीक आहे. मठारलेल्या तांब्याला लावलात तर स्टुडिओचा तंबू घरी बांधलात असं समजा. काळ्या पुठ्ठ्याने कळशीची उजवी कड पांढऱ्या चादरीवर ठसठशीत उठते. खालून चादरीचा उजेड पोटावर येतो, तेवढा पुरतो.

फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत. पुतण्या एकदा लग्नाला जायच्या गडबडीत पांढऱ्या झब्ब्यात आला, तर कळशीच्या पोटावर एक बुटका नवरदेव उभा! मोबाइल जवळ न्यायचा नाही. जवळून साध्या भिंगाने काढलं की पोट सुटतं, तोंड लहान होतं, आणि आपला हात त्यात दिसतो. पाच-सहा फूट मागे जायचं आणि 2x लावायचं. मोबाइल स्टँडवर, तीन सेकंदांचा टायमर. हातात धरलेला मोबाइल कमी उजेडात आपणहून रात्रीच्या मोडमध्ये जातो, अनेक फोटो एकात मिसळतो आणि मठाराच्या कडा पुसून टाकतो. पावसाळ्यात हे हमखास होतं. आभाळ भरलेलं असेल तर उजेड मऊ आणि सुंदर असतो, फक्त कमी असतो, आणि स्टँड असेल तर कमी असल्याने बिघडत नाही.

मग मोबाइलच्या पडद्यावर भांडं दिसतं तिथे बोट दाबून धरायचं, म्हणजे उजेड आणि फोकस लॉक होतो. चौकटीत पांढरं जास्त दिसलं की मोबाइल सगळं करडं करायला बघतो, म्हणून सूर्याची खूण थोडी वर सरकवायची. थोडीच. चादर निखळ पांढरी होईपर्यंत ओढली तर कळशीची खिडकीकडची कड चादरीत विरघळते. ती कड सलग दिसते का, हे बघायचं. चादर किंचित करडी राहिली तरी चालेल, पार्श्वभूमी नंतर वेगळी उजळता येते, पण विरघळलेली कड परत आणता येत नाही.

रंगाचं म्हणाल तर मोबाइलला तांबं कळत नाही. इतकं तांबूस बघितलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळं थंड करतो. वर उत्तरेच्या आभाळाचा उजेड मुळात निळसर. दोन्ही मिळून तांबं जांभळट, आजारी दिसतं. प्रो मोडमध्ये WB, म्हणजे उजेडाच्या रंगाचा हिशेब, हाताने लावायचं. भांड्याशेजारी चिनी मातीची साधी पांढरी बशी ठेवायची, ती पांढरी दिसेपर्यंत K चा आकडा वाढवायचा, आमच्या खिडकीत तो बहुतेक 6500 च्या पुढेच जातो, आणि मग बशी काढून घ्यायची. नीळ घातलेल्या चादरीवरून हा हिशेब केला तर कळशी नारिंगी निघते आणि पार्सल परत येतं. ट्यूब बंद हवी. खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या, एकाच भांड्यावर दोन्ही पडले तर कुठलाच आकडा कामाला येत नाही.

उत्तरेची खिडकी वर्षभर सारखी नसते, हेही लक्षात ठेवा. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ ऊन तिरकं आत येतं. थेट ऊन आलं की मठारावर पांढरी टोकं जळतात. तेव्हा खिडकीला जुनं धोतर एकपदरी बांधायचं.

नवं पान तयार झालं, त्यावर प्रत्येक भांड्याचे दोन फोटो: एक पूर्ण, एक पोटाचा जवळून. पुढची वर्षं बरी गेली. हॉटेलवाल्यांचा तोच खरेदीवाला नंतर आला, माल घेऊन गेला, भाव न करता. आधीच्या पानाबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

तो व्यापारी मात्र आहे तिथेच आहे. मध्यंतरी त्याच्या पानावर कळशीचा नवा फोटो आला, मठार अगदी खणखणीत. शेठनीच नाशिकहून फोन करून सांगितलं, "अहो, तुमची कळशी त्यांच्याकडे कशी?" आम्ही गळा मठारत नाही, गुळगुळीत ठेवतो. फोटो मोठा करून बघितला तर त्या गळ्यात आमच्या माडीची खिडकी दिसत होती, गजांसकट, डावीकडून दुसरा गज वाकलेला. तो फोटो आणि खिडकीचा फोटो असे दोन्ही त्याला पाठवले. संध्याकाळपर्यंत फोटो उतरला, माफी आली नाही.

पुतण्या म्हणतो, खिडकीला कायमचा ट्रेसिंग पेपर लावू, गज दिसणार नाहीत, फोटो स्वच्छ येतील. मी लावू देत नाही. गज सरळ करायलाही कुणाला सांगितलेलं नाही.