नऊ व्होल्टच्या अलीकडे

पुस्तकात आलेख सुरेख असतो. कपॅसिटरचं व्होल्टेज झपाट्यानं वर चढतं, मग कलतं आणि सप्लायच्या रेषेला लागून पुढं जात राहतं. खाली ठरलेलं वाक्य: ते सप्लायला कधीच पोचत नाही. आमच्या टिळकवाडीतल्या घरी भाच्यानं जर्नलसाठी जोडणी केली, तेव्हा हेच वाक्य त्यानं माझ्यावर फेकलं.

नऊ व्होल्टचा सप्लाय, एक मेगाओहमचा रेझिस्टर, शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरचा गुणाकार, RC, १०० सेकंद. सूत्र V(1 − e^(−t/RC)). दर ६९ सेकंदांना उरलेलं अंतर निम्मं होतं. मीटरवरचा आकडा आठच्या वर गेला, रेंगाळला आणि ८.१ ला बसला तो बसलाच.

"मामा, थांबलंय की हे. कधीच पोचत नाही म्हणतात, ते हेच न्हवं?"

न्हवं! सूत्रातलं 'कधीच' इतकं ढळढळीत दिसत नसतं. दहा RC झाले, म्हणजे सतरा मिनिटं, की तूट अर्ध्या मिलिव्होल्टाच्या आत येते. एकवीस RC च्या सुमाराला ती रेझिस्टरमधल्या उष्णतेच्या थरथरीतच बुडते. आणि तासाभरानंतर हिशेबाला उरते ती एका इलेक्ट्रॉनहूनही कमी तूट. अर्धा इलेक्ट्रॉन कोण मोजणार? 'अनंत काळ' म्हणून पुस्तक ज्याचा धाक घालतं, तो काळ या जोडणीत दुपारच्या झोपेएवढा.

मग ही जवळजवळ एका व्होल्टाची तूट कुठली? मीटरची. डिजिटल मल्टिमीटर स्वतः साधारण दहा मेगाओहमचा असतो. तो कपॅसिटरला लावला की सप्लायचे अकरा वाटे होतात. एक रेझिस्टरवर, दहा मीटरवर. नऊ गुणिले दहा भागिले अकरा, ८.१८. वक्र आपलं काम चोख करत होता, सीमाच खाली सरकली होती. शिवाय RC सुद्धा १०० ऐवजी ९१ सेकंद झाला, म्हणजे वक्र थोडा घाईत होता. राहिलेली किरकोळ तूट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगच्या गळतीची.

पटत नसेल तर मीटर काढून ठेव, म्हटलं. सर्किट चालूच राहू दे. दहा मिनिटांनी त्यानं प्रोब टेकवले. आकडा ८.९ उमटला आणि त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू घसरायला लागला, ८.८, ८.७… घसरणही त्याच ९१ सेकंदांच्या चालीनं.

आता जर्नलमध्ये काय लिहायचं, हा त्याचा प्रश्न. शंभर के रेझिस्टर आणि हजार मायक्रोफॅरड घेतले तर RC तोच राहतो आणि मीटरची तूट ०.०९ व्होल्टांवर येते. पण मोठ्या कपॅसिटरची गळती सहसा जास्त. तेव्हा 'सप्लाय ९.००' लिहून खाली आडवी रेघ मारण्याआधी, शेवटी आकडा कुठं स्थिरावतो ते मोजून घ्यावं आणि वक्र त्या आकड्याशी ताडावा.