चार वाजताची घबराट आणि आठ वाजताची गोळी

"गोळी वेळेवर घेत नसाल." डॉक्टरांच्या या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मी वेळेवर घेत होते, मोबाइलवर गजर लावून, सकाळी आठला आणि रात्री दहाला. नंतर कळलं की घोटाळा त्या वेळेवर घेण्यातच होता.

सुरुवातीचं थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेकांचं सारखंच असतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये, ठाणे सुटल्यावर, छातीत धडधड, हात गार, आता मरणार अशी खात्री. ऐरोलीला उतरले, नवऱ्याला बोलावलं, इस्पितळात गेलो. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. पुन्हा दोन-तीनदा तसंच झाल्यावर पॅनिक अटॅक असं निदान झालं आणि चिठ्ठीवर आलं घबराट शांत करणारं अल्प्राझोलाम, पॉइंट पाच मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक. पहिल्या दिवशीच बरं वाटलं. इतकं बरं की मी आईंना म्हटलं, हे आधी का नाही मिळालं!

काही आठवडे छान गेले. मग दुपारी चारच्या सुमारास काहीतरी सुरू झालं. महापेला माझं ऑफिस आहे, अकाउंट्सचं काम. चारला हात बारीक थरथरायचे, प्रिंटरचा आवाज अंगावर यायचा, कोणी मागून हाक मारली तर दचकायला व्हायचं. आणि पहाटे चार-साडेचारला धडधडत जाग. मी समजले, आजार वाढतोय. डॉक्टरही तेच समजले. दुपारची एक गोळी वाढवली, म्हणजे दिवसाला दीड मिलिग्रॅम. थोडे दिवस चार वाजायचे थांबले. पण मग साडेबारालाच अस्वस्थ वाटू लागलं, आणि संध्याकाळी घरी पोचताना पुन्हा.

मी अडकले ती इथेच. त्या ओपीडीत दर महिन्याला वेगळे डॉक्टर बसायचे. टोकन घ्यायचं, तासन्‌तास बाकावर बसायचं, आत गेल्यावर दोन मिनिटं. मी म्हणायची, "सर, चार वाजताच का होतं?" उत्तर ठरलेलं: कामाचा ताण, प्रवास, झोप पुरत नसेल. एकदा म्हणाले, ऑफिसात त्या वेळी कोण येतं? कोणी येत नाही हो, चहा येतो! आणि खाली लिहायचे, आहे तेच चालू ठेवा. एका तरुण डॉक्टरने तर गोळी पॉइंट पाचवरून एकवर न्यायचा विचार बोलून दाखवला. मी चिठ्ठी घेतली, पण ती गोळी आणली नाही. तेव्हा काही कळत होतं म्हणून नाही, फक्त वैताग आला होता.

कोडं सुटलं ते नवऱ्यामुळे. एका रविवारी तो सहज म्हणाला, "अगं, तू रविवारी चारला ठीक असतेस. सहा-सातला चिडतेस." मी भांडायच्या तयारीतच होते. पण खरं होतं. रविवारी आम्ही उशिरा उठतो, गोळी अकराच्या पुढे घेतली जायची. गोळी तीन तास सरकली की घबराटही तेवढीच सरकायची. ऑफिस, लोकल, प्रिंटर, यांचा रविवारी काय संबंध?

ही गोष्ट घेऊन मी ठाण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी पहिल्याच भेटीत एक कोरा कागद दिला. दोन आठवडे तीनच गोष्टी लिहायच्या: गोळी किती वाजता, त्रास किती वाजता सुरू, आणि पुढची गोळी घेतल्यावर किती वेळात गेला. शक्य असेल तेव्हा त्रासाची वेळ नवऱ्याने लिहायची, मी नाही. कारण चार वाजता त्रास होतो हे माहीत असलेल्या माणसाला घड्याळाकडे बघूनच धडधड होऊ शकते. कागद भरला तेव्हा चित्र उघड होतं. गोळी घेतल्यापासून साधारण ठरावीक तासांनी त्रास, आणि पुढची गोळी पोटात गेल्यावर तासाभरात शांत. पॅनिक अटॅक असा गजर लावून येत नाही. तो कुठेही येतो, दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. माझं चार वाजताचं दुखणं हळूहळू चढायचं आणि गोळी मिळेपर्यंत तसंच राहायचं.

मॅडमनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. अल्प्राझोलाम पोटात गेल्यावर एक-दोन तासांत रक्तात सर्वात जास्त असतं. मग उतरतं, आणि निम्मं व्हायला सरासरी अकरा तास लागतात, कोणाला कमी, कोणाला बरेच जास्त. पण शांत वाटणं त्याच्या खूप आधी विरतं. मेंदूत शांत करणारा गाबा नावाचा एक निरोप असतो, त्याचा आवाज ही गोळी मोठा करते. रोज, सकाळ-संध्याकाळ, न चुकता तो आवाज मोठा राहिला की मेंदू स्वतःची बाजू बदलतो, गोळी आहेच असं धरून चालतो. मग गोळी पूर्ण संपायचीही गरज नाही. पातळी नुसती उतरू लागली तरी ते त्याला कमी पडतं, आणि थरथर, दचकणं, धडधड सुरू होते. म्हणजे दिवसातून दोनदा मला गोळी सुटल्याचा छोटा त्रास होत होता, आणि पुढची गोळी तो मिटवत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बघा, गोळीशिवाय हिचं चालत नाही, आजार मोठा आहे.

तिसरी गोळी वाढवल्यावर काय झालं तेही यातच बसतं. दोन गोळ्यांमधली दरी थोडी बुजली, मेंदू नव्या पातळीला सरावला, आणि दऱ्या नव्या वेळांना उघडल्या.

चिडायला लावणारी गोष्ट पुढे आहे. हे काही गुपित नाही. अमेरिकेत या औषधासोबत जे अधिकृत माहितीपत्रक येतं त्यात स्वच्छ लिहिलंय की पॅनिकसाठी नेमून दिलेला डोस घेणाऱ्यांनाही पहाटे आणि दोन डोसांच्या मधे घबराट होऊ शकते. 2020 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने बेंझोडायझेपिन या सगळ्या गटाच्या गोळ्यांवर शरीराला सवय लागण्याचा ठळक इशाराही घालायला लावला. आणि मी बाकावर बसून चहावाल्याचा विचार करत होते.

मी विचारलं, "मग लागेल तेव्हाच घेतली असती तर?" मॅडम म्हणाल्या, त्यात दुसरा सापळा आहे. अटॅक आला, गोळी घेतली, अटॅक गेला, की मन शिकतं की गोळीने वाचवलं. खरं तर गोळी रक्तात नीट चढेपर्यंत अटॅक स्वतःच उतरलेला असतो. मग पर्समध्ये पट्टी नसेल तर नुसत्या त्या विचाराने अटॅक. क्वचित, थोड्या दिवसांसाठी, मुख्य औषध लागू पडेपर्यंत आधार म्हणून तिचा उपयोग आहे. मुख्य औषध म्हणजे माझ्या बाबतीत एस्सिटालोप्राम, कमी डोसपासून सुरू केलेलं. त्याला लागू पडायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत तेच अस्वस्थ करू शकतं, हे मला आधी सांगितलं म्हणून मी टिकले. जोडीला समुपदेशन, ज्यात मुद्दाम जिने चढून धडधड वाढवायची आणि ती उतरताना बघत बसायचं. वेडेपणा वाटतो, पण त्याने फरक पडला.

बाहेर कसं आले? आधी काहीच कमी केलं नाही. दिवसाचा दीड मिलिग्रॅम तोच, फक्त तीनऐवजी चार भागांत, म्हणजे दऱ्या उथळ. एवढ्यानेच चार वाजायचे बरेचसे मिटले. मग टप्प्याटप्प्याने त्याच्या जागी त्याच गटातलं क्लोनाझेपाम, जे निम्मं व्हायला तीस-चाळीस तास घेतं, म्हणून चढउतार सपाट. रात्रीची गोळी आधी बदलली. किती अल्प्राझोलामला किती क्लोनाझेपाम हे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा तो हिशेब स्वतः घरी करू नका. आणि क्लोनाझेपामचीही सवय लागते, ते फक्त उतरण्यासाठीची शिडी.

मग कमी करणं. माहितीपत्रकातल्या जुन्या सूचनेप्रमाणे दर तीन दिवसांनी अर्धा मिलिग्रॅमपर्यंत कमी करता येतं, म्हणजे माझ्यासारखी दीड मिलिग्रॅमवाली दहा दिवसांच्या आतच मोकळी. मॅडम त्यावर हसल्या. त्यांनी साधारण दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के असा वेग धरला. शेवटी अडचण अशी की गोळीचा तुकडा तोच राहतो पण टक्का वाढतो. एकातून पाव गेला तर चौथा हिस्सा, अर्ध्यातून पाव गेला तर निम्मं. म्हणून शेवटी तुकडे बारीक केले आणि थांबायचे आठवडे वाढवले. मला शेवटचाच भाग सर्वात जड गेला, आणि पार पडला याचा अभिमान मी लपवणार नाही.

हे वाचून कोणी उद्या गोळी बंद करू नका. अचानक सोडली तर फिट येऊ शकते, ज्याला आयुष्यात कधी आली नाही त्यालाही. दारू आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध यांच्यासोबत ही गोळी श्वास मंदावू शकते. घसा बसला म्हणून कोणी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन देत असेल तर आपण अल्प्राझोलाम घेतो हे तोंडाने सांगा, कारण त्याने तिची पातळी वाढते. एसआर लिहिलेली गोळी मोडायची नाही, तिचा हळूहळू सुटण्याचा गुण तुकड्यात जातो.

आणि केमिस्टशी भांडू नका, मी भांडले आहे. हे औषध शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत आहे. त्याला वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. माझ्या तुकड्यांच्या काळात संख्या दर वेळी बदलायची, म्हणून मॅडम प्रत्येक टप्प्याची नवीन तारखेची चिठ्ठी द्यायच्या, आकड्यासोबत शब्दांतही लिहून. तसं मागून घ्या, काउंटरवरचा अर्धा वाद तिथेच मिटतो.