तुम्ही विचारलंत म्हणून: चुनखडीतली बाग आणि दोन तऱ्हेचा पिवळेपणा

"सर, द्राक्षबागेत लोहाचं चेलेट सोडलं तर शेंडे हिरवे झाले, पण आता खालची पानं पिवळी पडायला लागलीत. अजून चेलेट सोडू का हिराकस टाकू?"

आधी खालचं एक पान तोडून उजेडाकडे धरा. माती-पाणी तपासण्याच्या कामात इतकी वर्षं गेली, तरी अहवाल बघायच्या आधी मी हेच करतो. शेंड्याकडचं कोवळं पान पिवळं आणि त्यात शिरांची बारीक हिरवी जाळी अगदी रेखीव दिसत असेल, तर ते लोह. वाढत गेलं की ते पान जवळजवळ पांढरं पडतं. मँगनीजची खूण इतकी रेखीव नसते. शिरेच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा राहतो, मधला भाग फिकट होतो आणि कडा एकमेकांत विरघळल्यासारख्या दिसतात. द्राक्षात हे काडीच्या बुडाकडच्या पानांवर, त्यातही उन्हातल्या पानांवर आधी दिसतं. म्हणून बरेच जण त्याला मॅग्नेशियम समजतात आणि फवारण्या वाया घालवतात. मॅग्नेशियमचा पिवळा पडदा पानाच्या कडेकडून शिरांच्या मधून आत पाचरीसारखा घुसतो, आणि पाचरीची सीमा स्पष्ट असते.

पंढरपूरकडच्या एका एकराच्या बागेत मागच्या हंगामात नेमकं तुमच्यासारखंच झालं होतं. मातीचा सामू ८.४ होता आणि मुक्त चुना १० टक्के. ढेकळावर सौम्य ॲसिडचे चार थेंब टाकले तर सोड्यासारखं फसफसायचं. पाणी बोअरचं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. बागायतदारांनी आधी दुकानातून "लोह १२ टक्के" लिहिलेला डबा आणून ड्रीपमधून सोडला होता. १२ टक्के म्हणजे ६ टक्क्यांपेक्षा भारी आणि वर स्वस्त, असा त्यांचा हिशोब. चेलेट म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग, पण १२ टक्क्यांचं ते ईडीटीए चेलेट. सामू साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटायला लागते, चुनखडीत कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह मातीत गंजून बसतं. पानावर फवारायला ते चालतं, मुळाशी आपल्या जमिनीत नाही. ६ टक्क्यांचं ईडीडीएचए मात्र सामू ९ पर्यंत लोह धरून ठेवतं. पाण्यात टाकलं की कोकम सरबतापेक्षाही गडद लाल रंग येतो, ही त्याची ओळख. उन्हात ते लवकर मोडतं, म्हणून ते फवारायचं नाही, ड्रीपरखाली मुळाशीच द्यायचं.

दुसऱ्यांदा त्यांनी ईडीडीएचए सोडलं. ९ बाय ५ फुटांवर ९६८ वेली, वेलीला ५ ग्रॅम, म्हणजे जवळपास ५ किलो, तेही दोन हप्त्यांत. नवीन पालवी हिरवी आली आणि तीन आठवड्यांनी बुडाची पानं फिकट व्हायला लागली. लोक घाबरतात ते इथे. त्यांना वाटतं चेलेट कमी पडलं. खरं तर चेलेट लागू पडलं होतं, म्हणूनच हे झालं. मुळांना एकदम भरपूर लोह मिळालं की मँगनीजची उचल कमी होते, आणि चुनखडीत मँगनीज मुळातच जेमतेम असतं. अशा वेळी आणखी ५ किलो सोडणं म्हणजे पैसे घालून दुखणं वाढवणं.

देठाच्या अहवालात लोह पुरेसं आलं म्हणून निर्धास्त राहू नका, हेही सांगतो. पिवळ्या पानातही एकूण लोह हिरव्याइतकंच भरू शकतं, ते पानात कामाला येत नसतं इतकंच. शिवाय रस्त्याकडेच्या बागेत पानावरची धूळसुद्धा आकडा वाढवते. मातीच्या डीटीपीए चाचणीत लोह साडेचार पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरायची, पण बायकार्बोनेटच्या पाण्यावर त्याच्या वर असूनही बाग पिवळी पडलेली मी पाहिली आहे.

माझा भरवसा पान रंगवण्यावर जास्त. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. दुसऱ्या बाटलीत लिटरला ३ ग्रॅम मँगनीज सल्फेट. दोन्हींत थेंबभर स्टिकर. संध्याकाळी ब्रशने काही पानांचा अर्धा भाग एका पाण्याने रंगवायचा, काही पानांचा दुसऱ्याने, आणि देठाला वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधायचे. आठ-दहा दिवसांनी बघा. लोह पानात हलत नाही, जिथे थेंब पडला तिथेच हिरवे ठिपके उमटतात. पंढरपूरच्या बागेत बुडाच्या पानांवर हिराकसचा काहीच फरक पडला नाही, मँगनीजने रंगवलेला अर्धा भाग मात्र हिरवा झाला. दोरा सोडताना बागायतदारांनी ते पान हातात धरून बराच वेळ उलटसुलट केलं.

मग मँगनीज जमिनीतून का नाही द्यायचं? सल्फेट टाकलं तर एवढ्या सामूत त्याचं ऑक्साइड होऊन बसतं. मँगनीजचं ईडीटीए टाकलं तर मातीतलं लोह आणि कॅल्शियम मँगनीजला चेलेटमधून हुसकावून तिथे स्वतः बसतात. म्हणून मँगनीज पानावरच: लिटरला ३ ग्रॅम सल्फेट, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन ते तीन वेळा, संध्याकाळी. फॉस्फेटच्या विद्राव्य खताबरोबर एकाच टाकीत मिसळू नका, साका बसतो.

हिराकसचंही एक स्थान आहे, पण मातीत मोकळं फेकून नाही. चुनखडीत ते काही तासांत तांबूस होऊन निकामी व्हायला लागतं. एकरी १० किलो हिराकस दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवा आणि मुळांजवळच्या चरात द्या. त्याने पुढच्या बहाराला थोडा आधार मिळतो, आज पिवळं पडलेलं पान त्याने सुधारत नाही. फवारायचं असेल तर द्रावण ताजं करा, फिकट हिरवं असेपर्यंतच वापरा. गंजासारखं झालं की ओतून द्या. मणी धरल्यावर तर हिराकस फवारूच नका, मण्यांवर डाग पडतात.

गंधक टाकून सामूच खाली आणू, असंही कोणीतरी सांगेल. एकराच्या वरच्या सहा इंचांत साधारण ९०० टन माती असते. १० टक्के चुना म्हणजे ९० टन, आणि तो विरघळवायला २९ टन गंधक लागेल. ड्रीपरखालच्या ओल्या पट्ट्यात थोडा आम्लपणा धरता येतो, पण अख्खी जमीन बदलत नाही.

खरं काम पाण्याचं आहे. काळ्या जमिनीत ड्रीप जास्त वेळ चालला की मुळाशी हवा राहत नाही, बायकार्बोनेट वाढतं आणि शेंडा पिवळा पडतो. अशा वेळी चेलेट सोडायच्या आधी दोन पाळ्या थांबून वापसा येऊ द्या. निम्म्या वेळा शेंडा तेवढ्यानेच सुधारतो. मँगनीजचं उलट असतं, ते कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात आधी दिसतं. म्हणून पिवळेपणा बागेत कुठे आहे हे चालून बघा, उतारावर की पाणी साचणाऱ्या खोलगटात.

तुमच्या बागेत आता चेलेट थांबवा, पान रंगवा आणि मँगनीज लागू पडलं तर पहिली फवारणी घ्या. फवारताना मधल्या ओळीतल्या दोन वेली मुद्दाम कोरड्या ठेवा आणि त्यांना दोरा बांधा. दुसऱ्या फवारणीच्या आधी त्या दोन वेली आणि शेजारच्या वेली यांची बुडाची पानं तोडून माझ्याकडे आणा, एकाच पिशवीत नको, वेगवेगळ्या पिशव्यांत.