आमची वाटचाल : चष्म्याचा जी

आमच्या छापखान्याची ट्रेडलवरची वर्षे सुरळीत गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले, खिळ्यांच्या केसेसमध्ये गाळ बसला, जुन्या कामांच्या नमुन्यांची फाइल हातात लगदा होऊन आली आणि दुकान विकण्याची भाषा घरात दोनदा झाली.

वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे गिऱ्हाईक असलेल्या गुळाच्या व्यापारी आबांचे लेटरहेडही त्याच पाण्यात गेले. आम्ही चिखल उपसत होतो, तेवढ्यात दुसऱ्या एका मुद्रकाने वर्णन धड न ऐकताच फ्युचुरा टंकात हजार प्रती छापून दिल्या आणि पैसेही घेतले. हे त्याने करायला नको होते, असे मला आजही वाटते.

आबा म्हणाले, "हे आमचं न्हवं, पर काय चुकलंय ते सांगता येईना."

मी नमुन्यांचे पुस्तक मुद्दाम मिटूनच ठेवले, कारण एकदा अक्षर डोळ्यांसमोर आले की माणूस तेच आपले म्हणून आठवू लागतो. कोरा कागद आणि पेन्सिल पुढे करून आधी मजकूर विचारला, कारण जे अक्षर त्यात नव्हते त्याची आठवण खरी असू शकत नाही. 'जॅगरी मर्चंट्स' पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान असे होते, तर त्याखालचे 'कोल्हापूर' सगळे कॅपिटलमध्ये होते. टोकांना आडव्या रेघोट्या नव्हत्या, म्हणजे टंक सॅन्स. आबांनी लहान जी काढला तो वर एक गोल, खाली एक गोल असा, उभ्या धरलेल्या चष्म्यासारखा. फ्युचुराच्या लहान जीला एकच गोल आणि खाली वळलेली शेपूट असते, तेव्हा तो तिथेच बाद झाला.

उरले दोन. फ्रँकलिन गॉथिक १९०२ चा, गिल सॅन्स १९२८ चा, आणि चष्म्याचा जी दोघांतही आहे. इथे प्रमाणे कामी आली. आबांच्या चित्रात ओ जवळजवळ पूर्ण गोल आणि एल त्याच्या मानाने चांगलाच अरुंद होता. फ्रँकलिनमध्ये रुंदीत एवढी तफावत नसते. मोठ्या एमचा मधला कोन त्यांनी अर्ध्यावरच थांबवला, आणि फ्रँकलिनमध्ये तो तळाच्या ओळीला टेकतो. शेवटच्या आरची तंगडी पुढे पसरलेली होती. लहान टीच्या डोक्यापासून आडव्या दांडीपर्यंत त्यांनी तिरका उतारही काढला. ही सगळी लक्षणे गिल सॅन्सची.

जाडीबद्दल मात्र आबा ठामपणे "बोल्ड" म्हणत होते. ट्रेडलवर शाई दाबाने पसरते आणि साधे अक्षरही जाड उमटते, म्हणून जाडीच्या आठवणीवर मी कधी विसंबत नाही. (मुद्रक बंधूंनो, लेटरहेडची एक प्रत माळ्यावर ठेवत जा.) दोन्ही जाडींची प्रुफे काढली. आबांनी बोल्ड बाजूला सारले, साध्या प्रुफातल्या आरच्या तंगडीवर अंगठा ठेवला आणि पाचशे प्रती सांगितल्या.