औषधाची चिठ्ठी, फेरी तिसरी: झाकून चाचणीत सगळं उघडं पडलं

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की आपल्या प्रौढ साक्षरता वर्गात वाचन तपासायला औषधाच्या चिठ्ठीवरचे पाच प्रश्न तयार झाले, आता फक्त छपाई बाकी आहे. ती छपाई थांबवली आहे.

मजकूर तोच आहे: "सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी. जेवणाआधी एक तास घ्यावी. गोळी घेतल्यावर दोन तास दूध घेऊ नये. औषध पाच दिवस घ्यावे. बरे वाटले तरी मधेच बंद करू नये."

वर्गात देण्याआधी सहज झाकून चाचणी घेतली. म्हणजे चिठ्ठी दिलीच नाही, नुसते प्रश्न आणि तीन-तीन पर्याय वाचून दाखवले. अंदाजपंचे उत्तरं दिली तर पाचांत एक-दोनच बरोबर यायला हवीत. नऊ जणांपैकी सहा जणांची तीन किंवा चार बरोबर आली! चिठ्ठी न बघता!

कारण एका मावशींनीच सांगितलं. "बरं वाटल्यावर काय करावं?" या प्रश्नाला मी 'लगेच बंद करावे', 'दुप्पट घ्यावे' आणि 'पूर्ण पाच दिवस घ्यावे' असे पर्याय दिले होते. मावशी म्हणाल्या, "यात वाचायचं काय आहे, ताई? डॉक्टर दर वेळी हेच सांगतात." अगदी बरोबर. आपल्या वर्गातली माणसं वाचायला नवी असली तरी जगायला नवी नाहीत. शिवाय बरोबर पर्याय सगळ्यांत लांब होता, तोही एक सुगावाच. 'दुप्पट घ्यावे' हा चकवा तर कुणीच निवडला नाही, म्हणजे तो असून नसल्यासारखा.

गंमत म्हणजे सगळ्यांचा चुकलेला एकच प्रश्न मला सापडलेला खरा प्रश्न निघाला: "गोळी केव्हा घ्यावी?" सगळे म्हणाले, जेवल्यावर. सवयीने तेच येतं. चिठ्ठीत 'जेवणाआधी' आहे, आणि ते वाचल्याशिवाय कळत नाही. मजकूर सवयीच्या उलट जातो तिथेच प्रश्न बसवायचा, हे मला त्या एका प्रश्नाने शिकवलं.

मग तो प्रश्न घट्ट केला: "तुम्ही आठ वाजता जेवणार. गोळी किती वाजता?" पर्याय सात, आठ, नऊ. नऊ म्हणणारा सवयीवर गेला. आठ म्हणणाऱ्याने 'जेवण' वाचलं, पण 'आधी एक तास' सोडलं. सात म्हणणाऱ्याने पूर्ण वाचलं. चुकीचं उत्तरही काहीतरी सांगतंय, याचा मला फार आनंद झाला.

दुसरा: "एकूण किती गोळ्या आणायच्या?" दोन, पाच की दहा? पाच म्हणणाऱ्याने एकच आकडा उचलला. दहा येण्यासाठी पहिलं आणि चौथं वाक्य एकत्र धरावं लागतं. इथे मात्र हिशेब येत नाही म्हणून चुकलं की वाचता आलं नाही म्हणून, ते कळत नाही. म्हणून चुकलेल्याला लगेच "रोज किती? किती दिवस?" असं तोंडी विचारते. दोन्ही सांगता आलं, तर वाचन ठीक आहे, अडचण हिशेबाची आहे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. "दूध किती तास घेऊ नये?" असं विचारलं की लोक 'दूध' या शब्दाचं चित्र शोधतात आणि शेजारचा 'दोन' उचलतात. वाक्य वाचलंच जात नाही. शब्द बदलून "सात वाजता गोळी घेतली, चहात दूध कधीपासून चालेल?" असं केलं, तर प्रश्नच मजकुरापेक्षा अवघड होतो. सध्या प्रश्न मी वाचून दाखवते, ते फक्त चिठ्ठी वाचतात. माझ्या मते पहिले काही महिने हेच योग्य आहे, नाहीतर आपण प्रश्नाचं वाचन तपासत बसतो.

फॉन्टबद्दल एवढंच: हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' असलेला फॉन्ट या चिठ्ठ्यांना वापरू नका. फळ्यावरचा 'ल' ओळखणाऱ्या दोघीजणी 'घेतल्यावर' या शब्दाशीच अडल्या. अक्षर मोठं ठेवा, ओळी विरळ ठेवा.

हे लिहिता लिहिताच वाटतंय की पाच प्रश्नांचा हट्ट सोडावा. त्याऐवजी जोडचिठ्ठ्या करायच्या. दोन चिठ्ठ्या हुबेहूब सारख्या, एकीत 'जेवणाआधी', दुसरीत 'जेवणानंतर'. अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरी, प्रश्न तोच. शेजारच्याचं उत्तर वेगळं आलं की दोघं आपोआप आपापल्या चिठ्ठीवर बोट ठेवून पुन्हा वाचतील. आणि सवयीने उत्तर दिलं तर एका गटात हमखास चुकेल.

मंगळवारच्या वर्गाला तीन प्रश्न आणि दोन चिठ्ठ्या एवढंच नेणार आहे. 'आधी'ची चिठ्ठी कागदावर तयार आहे, 'नंतर'ची आज रात्री लिहिते.