आमची वाटचाल: लग्नाच्या शूटिंगपासून स्टॉक क्लिप्सपर्यंत

आमचं काम सांगलीतलं, मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. आधी लग्नं, बारशी, साखरपुडे एवढंच करायचो. सीझन संपला की कॅमेरा कपाटात पडून राहायचा, मग स्टॉक व्हिडिओ सुरू केले, म्हणजे छोट्या क्लिप्स शूट करून शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, पाँड५ अशा साइट्सवर टाकायच्या, कुणी लायसन्स घेतलं की आपला वाटा मिळतो.

लोकांना वाटतं सूर्यास्त, धबधबे विकले जात असतील, पण तसल्या क्लिप्सचा तिथे ढीग पडलाय. जाहिरातवाल्याला, यूट्यूबवाल्याला साधं काहीतरी हवं असतं, हात भाजी चिरतायत, कुणीतरी बिलं तपासतंय, आजीच्या हातात गोळ्यांची पट्टी. आम्ही हळदीपासून सुरुवात केली, सांगलीत हळद नाही तर काय शूट करणार! गरम दुधात हळद पडते, चमचा फिरतो, बास.

आता हाच शॉट कसा घेतो ते सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, कप फ्रेमच्या उजवीकडे, डावीकडे मोकळी जागा, कारण विकत घेणारा तिथे स्वतःचा मजकूर टाकतो. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल, नाहीतर पिवळी पूड पडली की कॅमेरा मध्येच रंग बदलतो. ४के, सेकंदाला २५ फ्रेम्स, शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, १/५० सेकंद. हात येण्याआधी आणि गेल्यानंतरही दोन-तीन सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवतो, एडिटरला कट मारायला तेवढं लागतंच. क्लिप साधारण १०-१५ सेकंदांची, शटरस्टॉक आणि अडोबी ५ ते ६० सेकंदांच्या घेतात.

शटरचं नीट समजून घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/६० ठेवलं की भिंतीवर आडवे काळपट पट्टे सरकताना दिसतात. १/५० किंवा १/१०० ला ते जातात. हळद पडतानाचा स्लो मोशन मात्र १०० फ्रेम्सवर घेतो, तिथे शटर १/२०० लागतं आणि मग ट्यूबखाली फ्लिकर येऊ शकतो, म्हणून तो शॉट सकाळी खिडकीच्या उजेडातच, घरातले सगळे दिवे बंद करून.

अपलोड करण्याआधी भाऊ मोठ्या स्क्रीनवर १०० टक्के झूम करून अंधाऱ्या कोपऱ्यात ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, आहे का बघतो, शार्पनिंग अजिबात वाढवत नाही. पाकिटावरचा ब्रँड, कपावरचा लोगो, मागच्या कॅलेंडरवरचं दुकानाचं नाव, यातलं काहीही दिसलं तर कमर्शियल लायसन्ससाठी क्लिप रिजेक्ट होऊ शकते. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची सही असलेला मॉडेल रिलीज, म्हणजे संमतीचा कागद, लागतो, घरचा माणूस असला तरी! म्हणून आईचा चुलीपाशी भाकरी थापतानाचा शॉट घ्यायच्या आधीच आम्ही तिची सही घेतली आणि मग कॅमेरा लावला.